बर्फातला पालक आणि ट्रकमधला पालक

«ताई, आम्ही दोघं नवरा-बायको नोकरी करतो, आई आमच्याजवळ असते आणि दोन मुलं आहेत. आमच्याकडे 'ताजी' म्हणून मिळणारी पालेभाजी लांबच्या शेतांतून तीन-चार दिवस ट्रकमध्ये काढून येते. ती आम्ही आठवड्यातून एकदा आणतो आणि पुढे दोन-तीन दिवस फ्रिजमध्ये ठेवतो. हल्ली मी फ्रोझन पालक आणि मटार आणायला लागलो आहे. आई म्हणते, बर्फातली भाजी म्हणजे नुसता चोथा, त्यात सत्त्व उरत नाही. मुलांच्या ताटात काय वाढावं? आणि घरी येईपर्यंत पाकीट थोडं सैल पडलं, तर ते परत गोठवलं तर चालतं का?»

तुमच्या आईंचं म्हणणं एका जागी खरं आहे, म्हणून आधी तेच सांगते. भाजी गोठवण्याआधी तिला उकळत्या पाण्याचा किंवा वाफेचा एक चटका देतात. कारखान्यात त्याला ब्लांचिंग म्हणतात. पालकाला तो साधारण दोन मिनिटांचा असतो, मटारला दीड मिनिटाचा. भाजीचं सत्त्व जे काही मोठ्या प्रमाणात जातं ते या दोन मिनिटांतच जातं. बर्फामुळे जवळजवळ काहीच जात नाही. म्हणजे 'बर्फातली' या शब्दावर आईंचा राग आहे, पण नुकसान करणारं पाणी गरम असतं.

मग हा चटका द्यायचाच कशाला? मी बरीच वर्षं भाजी गोठवणाऱ्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम केलं, त्यामुळे याचं उत्तर माझ्या नाकात बसलेलं आहे. पानं तोडली तरी त्यांतली विकरं, म्हणजे एन्झाइम, काम करतच राहतात. थंडीने ती मंदावतात, पण पूर्ण थांबत नाहीत. अगदी उणे १८ अंशालाही हळूहळू रंग, वास आणि जीवनसत्त्वं खात बसतात. त्यांना मारायला उष्णताच लागते.

ती मेली का, हे आम्ही दर पाळीला तपासायचो. पट्ट्यावरून पालकाचं एक जाड देठ उचलायचं, उभं चिरायचं आणि कापलेल्या बाजूवर ग्वायाकॉलचा एक थेंब आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचा एक थेंब टाकायचा. विकर जिवंत असेल तर बघता बघता देठाच्या मधोमध विटकरी-तपकिरी रंग चढतो. रंग आला नाही तर माल पुढे जाऊ द्यायचा. एका रात्रपाळीत पट्टा थोडा जास्त वेगाने धावला आणि तपासणीसाठी पातळ पानं घेतली गेली, देठ घेतलेच नाहीत. पानांवर रंग आला नाही, माल गोठवून गोदामात गेला. तीन महिन्यांनी पाकीट उघडलं तर आतून वाळक्या गवताचा वास आला. रंगही शेवाळी झाला होता. सगळी खेप टाकून द्यावी लागली. चटका नीट बसला नाही तर गोठवणं वाया जातं, हे मी त्या वासावरून शिकले.

आता तुमच्या ट्रकमधल्या पालकाकडे या. तोडलेलं पान मेलेलं नसतं, ते श्वास घेत असतं. शेतात असताना मुळांकडून पाणी आणि उन्हातून साखर मिळायची, आता ती आवक बंद झालेली असते आणि खर्च मात्र चालू असतो. आधी साखर जाते, मग हवेशी संयोग होऊन क जीवनसत्त्व जातं, फोलेट, म्हणजे ब गटातलं एक जीवनसत्त्व, मोडत जातं. तापमान दहा अंशांनी वाढलं की हा श्वास साधारण दुप्पट ते तिप्पट होतो. पालेभाजीत हे सगळ्यात वेगाने घडतं, कारण पान पातळ असतं, त्याचा हवेला लागणारा पृष्ठभाग मोठा असतो, आणि गच्च भरलेल्या खोक्यात श्वासाची उष्णता अडकून पानं आतल्या आत आणखी गरम होतात. खोक्यात मधोमध हात घातला की बाहेरच्यापेक्षा उबदार लागतं, ती हीच ऊब.

म्हणून माझ्या मते तुम्ही विचारायला हवा तो प्रश्न असा, की ताज्या भाजीचे किती दिवस गेले आणि कोणत्या तापमानात गेले. गोठवलेल्या भाजीने आपला मोठा तोटा पहिल्याच दिवशी सोसलेला असतो, त्यानंतर ती जवळजवळ जागच्या जागी राहते. ताजी भाजी त्या दिवशी तिच्या पुढे असते, पण रोज थोडी थोडी मागे येते. कुठे तरी दोघी एका रेषेवर येतात. ते कुठे, हे भाजीवर आणि थंडाव्यावर ठरतं.

हे आपण पालकावर नीट करून बघू, आणि सत्त्व म्हणून फोलेट घेऊ. पालक खाण्याचं एक खरं कारण तेच आहे आणि वाढत्या मुलांना ते लागतंच. अमेरिकन कृषी खात्याच्या पोषण-तक्त्यानुसार १०० ग्रॅम कच्च्या ताज्या पालकात सुमारे १९४ मायक्रोग्रॅम फोलेट असतं, आणि १०० ग्रॅम फ्रोझन पालकात, शिजवण्याआधी, सुमारे १४५. म्हणजे चटका, गोठवण आणि साठवण धरून पाऊण हिस्सा शिल्लक. इथे एक बारकावा मी सांगितलाच पाहिजे. चटक्यानंतर पानं मऊ पडून दाबली जातात, त्यामुळे फ्रोझन पालकात पाणी थोडं कमी आणि पान थोडं जास्त असतं. पाण्याचा तो फरक वजा केला तर खरा शिलकी हिस्सा साधारण दोन तृतीयांश भरतो. तरीही ताटात वाढतो ते १०० ग्रॅमच, म्हणून मी १४५ चा आकडा पुढे धरते.

आता ताज्या पालकाचा प्रवास. २००४ साली पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात पालकावर एक अभ्यास झाला. पिशवीत भरलेला पालक तीन तापमानांना ठेवला आणि फोलेट मोजलं. ४ अंश सेल्सिअसला आठ दिवसांनी, १० अंशांना सहा दिवसांनी आणि २० अंशांना चारच दिवसांनी पालकात सुरुवातीच्या जेमतेम ५३ टक्के फोलेट उरलं होतं. त्यातल्या १० अंशांच्या ओळीकडे बघा. चांगल्या थंड ट्रकमध्येही दार उघडझाक, माल उतरवणं, दुकानातली मांडणी या सगळ्यात पानं सलग ४ अंशाला राहतील असं कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

तुमचे दिवस मोजा. ट्रकमध्ये तीन-चार दिवस, दुकानात कदाचित एक, तुमच्या फ्रिजमध्ये दोन-तीन. म्हणजे सहा ते आठ दिवस झाले. सरासरी थंडावा १० अंशांच्या आसपास असेल तर १९४ चे साधारण १०३ उरले. फ्रोझनचे १४५. मुलांच्या ताटात फ्रोझन पालकातून जास्त फोलेट जातं, आणि फरक थोडाथोडका नाही. दोघी एका रेषेवर कधी आल्या असतील? फोलेटची घट रोज साधारण सारखी धरली, तर पाव हिस्सा जायला वर सांगितलेल्या मुदतीच्या निम्म्याहून किंचित जास्त वेळ पुरतो. २० अंशाला दोन-सव्वादोन दिवस, ४ अंशाला चार-सव्वाचार. घट इतकी सरळ रेषेत होत नसेल, शिवाय हे आकडे वेगवेगळ्या पालकांचे आहेत, म्हणून याला अंदाजच समजा. पण तुमचा पालक दुकानात येईपर्यंतच ती रेषा ओलांडतो, किंवा तिच्या अगदी जवळ असतो, एवढं मी खात्रीने म्हणेन.

हेच गणित क जीवनसत्त्वाने केलं तर आई जिंकतात, आणि ते लपवून मला काही मिळवायचं नाही. ताज्या कच्च्या पालकात १०० ग्रॅममागे सुमारे २८ मिलिग्रॅम असतं, फ्रोझनमध्ये साडेपाचच्या आसपास. हे जीवनसत्त्व पाण्यात विरघळतं आणि उष्णतेला टिकत नाही, म्हणून चटक्यात आणि त्यानंतर त्याचा मोठा भाग जातो. ताज्या पालकाचंही ते ४ अंशाला सात दिवसांत साधारण पाऊण जातं, म्हणजे सात मिलिग्रॅम उरतं. फ्रोझनच्या किंचित वरच. खोलीच्या तापमानाला मात्र त्याच आठवड्यात जवळजवळ सगळं जातं. यावर मला वाटतं ते असं, की पालकाकडून क जीवनसत्त्वाची अपेक्षाच धरू नका, ताजा असो की गोठवलेला. शिजवल्यावर ताज्यात दहा आणि फ्रोझनमध्ये दोन मिलिग्रॅम उरतं, आणि अमेरिकन शिफारशीप्रमाणे प्रौढ माणसाला दिवसाला ७५ ते ९० लागतात. ते कच्च्या फळांतून सहज मिळतं. तिथली उणीव पालकाने भरून निघत नाही.

गाजर-पालकातलं कॅरोटीन, म्हणजे ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं, ते पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे चटक्यात पाण्याबरोबर वाहून जात नाही. लोह, कॅल्शिअम ही खनिजं आहेत, ती काळाने मोडत नाहीत. पोटॅशिअम तेवढं चटक्याच्या पाण्यात काही उतरतं. चोथा, म्हणजे तंतू, दोन्हीकडे तेवढाच. म्हणजे आईंचा 'चोथा' हा शब्द अर्ध्या अर्थाने खराही आहे आणि तो हवाच आहे.

मटारची गोष्ट थोडी निराळी आहे आणि ती ऐकल्यावर तुम्ही सरसकट फ्रोझनकडे वळणार नाही. मटारचा दाणा जाड सालीत असतो, त्याचं क जीवनसत्त्व पालकापेक्षा चिवट. ४ अंशाला आठवडाभरात साधारण १५ टक्के जातं, पण २० अंशाला ६० टक्के. शिजवलेल्या मटारचा हिशोब केला तर ताज्या तोडलेल्या दाण्यात १०० ग्रॅममागे सुमारे १४ मिलिग्रॅम, फ्रोझनमध्ये सुमारे १०. आता ताज्याचे हे १४ वाटेत थंडाव्यात राहिले असतील तर १२ उरतात आणि ताजा मटार पुढे राहतो. उन्हात तापलेल्या गाडीतून आले असतील तर सहाच्याही खाली येतात आणि फ्रोझन पुढे जातो. तुम्हाला ते कळायचा एक साधा मार्ग आहे. शेंग फोडून एक दाणा कच्चा चघळा. गोड लागला तर तो थंडाव्यात आला आहे. पिठूळ, चिकट लागला तर त्यातल्या साखरेचा स्टार्च झाला आहे, आणि तापमान चढलं की तो बदल वेगाने होतो. फ्रोझन मटार तोडणीनंतर काही तासांत गोठवलेला असतो, म्हणून त्याची गोडी बहुतेक टिकते.

अमेरिकेतल्या जॉर्जिया विद्यापीठाने २०१७ साली याच गोष्टीवर अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी ताजी, फ्रोझन आणि पाच दिवस फ्रिजमध्ये ठेवलेली भाजी अशा तीन बाजू मोजल्या. बहुतेक तुलनांत लक्षणीय फरक आढळला नाही. जिथे आढळला तिथे फ्रोझन भाजी फ्रिजमधल्या भाजीच्या पुढे असण्याची उदाहरणं उलट उदाहरणांपेक्षा जास्त होती. मी हे सांगते कारण 'फ्रोझन नेहमीच चांगलं' असंही कुणी तुम्हाला पटवायला येईल. ते खरं नाही. कोबी, गाजर, बटाटा, भोपळा या भाज्या महिनोन्महिने टिकतात, त्या प्रवासात फारसं गमावत नाहीत. त्या गोठवून घेण्यात पोषणाचा फायदा नाही, फक्त चिरण्याचे कष्ट वाचतात. पालक, फरसबी, ब्रोकोली यांत फरक पडतो. लांबून आलेल्या फरसबीचं क जीवनसत्त्व तर फ्रिजमध्येही आठवड्यात तीन चतुर्थांशाहून जास्त जातं.

इतकं झाल्यावर फ्रोझन पालकाचं जे शिल्लक आहे तेही स्वयंपाकघरात वाया घालवलं जातं, आणि हे मी फार वेळा पाहिलं आहे. पाकीट आधी बाहेर काढून ठेवायचं, वितळल्यावर हिरवं पाणी सुटतं, ते पिळून ओतून द्यायचं, मग उरलेला गोळा पुन्हा भरपूर पाण्यात उकळायचा. या पाण्यात फोलेट आणि पोटॅशिअम असतं, कारण बर्फाच्या सुया पानाच्या पेशी फाडतात आणि आतला रस बाहेर येतो. म्हणून पालक न वितळवता थेट गरम भांड्यात टाका, झाकण ठेवा आणि सुटलेलं पाणी त्याच पदार्थात आटवा. तो एकदा अर्धवट शिजलेलाच आहे, त्याला ताज्या पालकापेक्षा कमी वेळ लागतो. मटारला तर उकळत्या रस्सेदार भाजीत शेवटची तीन-चार मिनिटं पुरतात. आणि कच्चा मात्र यातलं काही खाऊ नका. गोठवण्याने जंतू मरत नाहीत, झोपतात, म्हणून फ्रोझन भाजी वाफ निघेपर्यंत तापवूनच ताटात येऊ द्या. घेताना पाकिटाच्या मागची यादी वाचा, त्यात नुसती भाजी असावी. मीठ किंवा सॉस घातलेलं पाकीट मुलांसाठी घेऊ नका.

आता सैल पडलेल्या पाकिटाचं. मटारचं पाकीट हातात घेऊन हलवा. दाणे सुटे वाजले तर थंडावा सलग राहिला आहे. सगळा एकच गठ्ठा झाला असेल आणि कोपऱ्यात मोठ्ठे बर्फाचे खडे असतील, तर ते कधी तरी वितळून परत गोठलं आहे, दुकानातच असेल तर घेऊ नका. पालकात हे ओळखणं अवघड जातं, कारण तो दाबूनच भरतात, तिथे पाकिटाच्या आतल्या बाजूची जाड भुरभुरीत बर्फाची थरं बघा. घरी आणताना थोडं सैल पडलं, पण हाताला अजून गार लागतंय आणि आत बर्फाचे कण आहेत, तर फ्रीझरमध्ये परत ठेवता येतं. तब्येतीला धोका नसतो, चव आणि पोत थोडा बिघडतो. मी स्वतः असं पाकीट परत ठेवत नाही, त्याच दिवशी शिजवते. मात्र ते पूर्ण वितळून कोमट होऊन दोन तासांहून जास्त बाहेर राहिलं असेल तर परत गोठवू नका आणि खाऊही नका.

आणि घरी एखाद्या दिवशी ताजा, कडक देठाचा, खरोखर कालच तोडलेला पालक हाती लागला तर तो फ्रिजमध्ये चार दिवस ठेवून हळूहळू वापरू नका. पहिल्या दोन दिवसांत खा. उरलेला आईंच्या हातूनच दोन मिनिटं वाफवून, लगेच बर्फाच्या पाण्यात गार करून, पाणी निथळून फ्रीझरमध्ये टाका. जाड देठांची पानं आधी टाका, पातळ पानं नंतर, आणि एकदम सगळा भांड्यात दाबू नका, नाहीतर मधल्या पानांना वाफ पोचत नाही. दोन-तीन छोट्या पिशव्या भरून हवा काढा, एक पिशवी एका वेळेच्या स्वयंपाकाएवढी. मोठा गोळा केलात तर तो गोठायला वेळ लागतो, बर्फाचे कण मोठे होतात आणि शिजवताना जास्त पाणी सुटतं.